प्राणी-पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावं: आमच्या चित्रांच्या पुस्तकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांसाठी चित्रांचं एक पुस्तक केलं, एका पानावर एक प्राणी नाहीतर पक्षी, वर मराठी नाव आणि खाली इंग्रजी. तेव्हापासून इकडं विटा-तासगाव आणि तिकडं कराड-कोरेगावपर्यंतच्या पालकांचे आणि अंगणवाडीतल्या ताईंचे प्रश्न येत राहतात, आणि फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत.

१. बाई, नाव घरात बोलतो ते लिहायचं की पुस्तकातलं? आमच्याकडं म्हस म्हणतात, म्हैस कुणीच म्हणत नाही.

छापायचं म्हैस, वाचताना पोरगं म्हस म्हणालं तर चालू द्यायचं. एकाच शब्दाचा नुसता उच्चार वेगळा असेल तर आम्ही शाळेत पुढं दिसणारं रूप छापतो, कारण तेच त्याला दुसऱ्या पुस्तकात भेटणार असतं. पण शब्दच वेगळा असेल तर मात्र गावातला शब्द पहिला. म्हणजे होला हा आपल्या अंगणात रोज दाणे टिपणारा पक्षी, त्याच्या पानावर होलाच लिहायचं, कबूतर लिहून मोकळं व्हायचं नाही. होल्याला इंग्रजीत डव्ह म्हणतात आणि मंदिराच्या शिखरावर घुमणाऱ्या पारव्याला पिजन. तुम्ही दोघांनाही कबूतर लिहिलंत तर पोराकडं आधीपासून असलेले दोन शब्द तुम्ही एक करून टाकता आणि मग इंग्रजीतले दोन शब्द त्याला उगाच अवघड वाटतात.

२. गाय म्हणजे काउ, एवढं येतं. पण बैल, वळू, खोंड, कालवड यांना इंग्रजीत काय म्हणायचं?

यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला कारण खिल्लारच्या मुलखात पोरांना हे शब्द मोठ्यांइतकेच पाठ असतात. गाय काउ, वासरू काफ, हे सोपं. व्यायलेली नाही अशी तरणी कालवड म्हणजे हेफर. पैदाशीसाठी राखलेला वळू म्हणजे बुल. आणि जो औताला-गाडीला जुंपतो तो खच्ची केलेला बैल म्हणजे ऑक्स किंवा बुलक, म्हणून तर बैलगाडीला बुलक कार्ट म्हणतात, बुल कार्ट कुणी म्हणत नाही. बऱ्याच तक्त्यांवर बैलाच्या चित्राखाली बुल छापलेलं असतं, ते चित्र गाडीला जुंपलेल्या बैलाचं असेल तर तिथं ऑक्स पाहिजे. खोंडाला नेमका एक सुटसुटीत शब्द नाही, यंग बुल असं दोन शब्दांत सांगायचं. पोरांना हे ऐकून भारी वाटतं, की इंग्रजीत आपल्या खोंडाला नावच नाही.

आता चित्र. बाजारातल्या पुस्तकातली काउ काळी-पांढरी असते, सपाट पाठीची. तिला आपल्याकडं सरसकट जर्सी म्हणतात पण ती एचएफ, म्हणजे होलस्टिन फ्रिजियन, जर्सी तर तांबूस रंगाची असते. आटपाडी-माणकडच्या पोराच्या डोळ्यासमोरची गाय म्हणजे पांढरी खिल्लार, पाठीवर वशिंड, मागं वळलेली लांब शिंगं, गळ्याखाली पोळी. आम्ही दोन्ही गायी शेजारी शेजारी छापल्या आणि खाली एकदाच काउ लिहिलं. त्यामुळं पोरांना कळलं की रंग, शिंगं, वशिंड काहीही असो, शब्द तोच राहतो.

३. म्हैस बफेलो, मग रेडकू आणि रेडा? आणि गव्याला बायसन म्हणतात ते बरोबर का?

म्हैस बफेलो, रेडकू म्हणजे बफेलो काफ, रेडा म्हणजे बफेलो बुल. वगारीला बफेलो हेफर. म्हणजे प्रश्न २ मधलेच शब्द, फक्त पुढं बफेलो लावायचं. इंटरनेटवरनं चित्र घेताना मात्र जपून, कारण अमेरिकेत बफेलो म्हटलं की मोठ्या डोक्याचा, खांद्यावर झुपकेदार केस असलेला जंगली प्राणी निघतो, तो खरा बायसन आणि आपल्या गोठ्यात तसलं काही नसतं. वॉटर बफेलो असं शोधलं की आपली म्हैस मिळते.

कोयना-चांदोलीच्या बाजूला दिसतो तो गवा किंवा रानगवा. साहेबाच्या काळापासून त्याला इंडियन बायसन म्हणायची सवय पडली आणि अजून बोर्डांवर तेच दिसतं, पण तो बायसन नाही आणि म्हैसपण नाही, तो गाईच्याच कुळातला. त्याचं इंग्रजी नाव गौर. ओळखायची खूण म्हणजे चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, मोजे घातल्यासारखे.

४. शेळी आणि बकरी एकच ना? मग शीप कोण?

इथं गाव बदललं की अर्थ बदलतो. शाळेच्या पुस्तकात शेळी आणि बकरी एकच, गोट. पण आपल्याकडं धनगरांच्या घरात बकरी म्हणजे बऱ्याचदा मेंढरं, बाप बकरी घेऊन गेलाय म्हणजे मेंढरं घेऊन गेलाय. वर्गात मी बकरी म्हणजे गोट असं शिकवलं आणि एका पोरीनं सरळ मेंढरांच्या कळपावर बोट ठेवून गोट गोट केलं, ती चुकली नव्हती, तिच्या घरच्या अर्थानं तिनं बरोबरच सांगितलं होतं. म्हणून आमच्या पुस्तकात बकरी हा शब्दच घेतला नाही, शेळी म्हणजे गोट आणि मेंढी म्हणजे शीप, बास. पिल्लांचे शब्द मात्र दोन्हीकडं पक्के आहेत, शेळीचं करडू म्हणजे किड आणि मेंढीचं कोकरू म्हणजे लॅम्ब. बोकड ही-गोट, मेंढा किंवा एडका रॅम.

चित्रात फरक दाखवायचा तर शेपूट दाखवा, शेळीचं शेपूट वर उचललेलं असतं, मेंढीचं खाली लोंबतं. कापसाच्या गोळ्यासारखी पांढरी मेंढी मात्र घालू नका, जत तालुक्यातली माडग्याळी मेंढी बघा, उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिगळं आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. तिचा फोटो टाकला की आमच्याकडची पोरं लगेच मेंढी म्हणून ओळखतात, कापसाच्या गोळ्याला कुत्र्याचं पिल्लू म्हणणारीसुद्धा भेटलीत.

५. कोल्हा म्हणजे फॉक्स की जॅकल? सगळ्या पुस्तकांत फॉक्स लिहिलंय.

जॅकल. सगळ्या पुस्तकांत फॉक्स लिहिलेलं असलं तरी उसात राहतो आणि रात्री कोल्हेकुई करतो तो जॅकलच, पूर्ण नाव गोल्डन जॅकल.

आमची स्वतःचीच पहिली प्रत इथं चुकली. कोल्ह्याच्या पानावर आम्ही नेटवरचं लालभडक फॉक्सचं देखणं चित्र लावलं आणि खाली फॉक्स लिहिलं. दुसरीतलं एक पोरगं बापाबरोबर रात्रीचं पाणी पाजायला रानात जातं, ते म्हणालं बाई हे कोल्हं नाही, आमच्या उसातल्या कोल्ह्याचं शेपूट आखूड असतंय आणि टोक काळं. मी चित्र पुन्हा बघितलं तर शेपटीचं टोक पांढरं. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि ते पान आम्ही बदललं.

तेव्हापासून आम्ही शेपटीवरनं तीन प्राणी वेगळे करतो. एक, परदेशी गोष्टींतला रेड फॉक्स, तांबडा, झुबकेदार शेपूट, टोक पांढरं, तो आपल्या भागात नाही. दोन, आपला कोल्हा म्हणजे जॅकल, गावठी कुत्र्यापेक्षा थोडा लहान, करडा-पिवळट, शेपूट शरीराच्या मानानं आखूड आणि टोक काळं. तीन, खोकड, हा मात्र खरा फॉक्स, इंडियन फॉक्स. अंगानं लहान, मांजरापेक्षा जरा मोठा म्हणा, कान मोठे, पाय बारीक, शेपूट लांब आणि झुबकेदार पण टोक काळंच. तो उसात नाही, उघड्या माळावर बीळ करून राहतो, माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या माळांवरची माणसं त्याला चांगली ओळखतात.

मग कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही गोष्ट आली की काय करायचं, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. इंग्रजी गोष्टीत फॉक्स आहे, मराठीत कोल्हा, आणि म्हण म्हणून दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तासगावच्या पोरांना तर सांगायलाही लागत नाही, कोल्हा द्राक्षं खातो हे बागायतदाराच्या घरात सगळ्यांना माहिती असतं. गोष्ट सांगताना फॉक्स म्हणा, प्राणी ओळखायच्या पानावर जॅकल लिहा. दोन्हीकडं चित्र वेगळं ठेवलं की पोरांचा गोंधळ होत नाही.

६. आमच्याकडं बिबट्यालापण वाघच म्हणतात. मग टायगर, लेपर्ड, चित्ता, पँथर कसं समजवायचं?

कराड-पाटण-शिराळ्याकडं वाघ आला म्हणजे दहातल्या दहा वेळा उसात बिबट्या आलेला असतो. लोक बिबट्या वाघ म्हणतात, ते चालू द्या, पण पानावर नुसतं बिबट्या लिहा आणि लेपर्ड लिहा. वाघ म्हणजे पट्टेरी वाघ, टायगर.

अंगावर बघायचं. टायगरच्या अंगावर पट्टे. लेपर्डच्या अंगावर ठिपके नसतात, फुलं असतात, म्हणजे काळी कडी आणि आत मधे रिकामं. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके, शाईचे डाग पडल्यासारखे, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली. ही रेघ दिसली तर चित्ता, नाहीतर बिबट्या. बाजारातल्या तक्त्यावर या दोघांची चित्रं उलटी लागलेली मी स्वतः बघितलीत, त्यामुळं विकत घ्यायच्या आधी ती रेघ बघाच.

चित्ता भारतातनं १९५२ साली नामशेष जाहीर झाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातनं कुनोला आणला. शब्द मात्र आपला आहे, संस्कृत चित्रकवरनं आलेला, इंग्रजीनं तो इथनंच उचलला, म्हणून दोन्ही ओळीत चित्ता आणि चीता जवळजवळ सारखंच दिसतं. पँथर वेगळा प्राणी नाही, बिबट्याचंच दुसरं नाव, आणि ब्लॅक पँथर म्हणजे काळ्या अंगाचा बिबट्या.

७. उंदीर रॅट की माऊस?

घरात फिरणारा छोटा, मोठ्या कानांचा, बारीक तोंडाचा तो माऊस. पोत्याला भोक पाडणारा मोठा तो रॅट. मराठीत दोघंही उंदीर, त्यामुळं लहान उंदीर आणि मोठा उंदीर असं लिहायचं. गटारीच्या कडंला माती उकरणारी घूस मात्र वेगळी, बँडिकूट, आणि हा शब्द तेलुगूतला आहे, त्याचा अर्थच डुक्कर-उंदीर. चिचुंद्री लांब नाकाची आणि वासाची, ती उंदरांतलीच नाही, श्रू म्हणतात. तिच्या चित्राखाली रॅट लिहू नका.

८. पुस्तकातला कावळा काळाकुट्ट असतो, आपल्या कावळ्याची मान राखाडी. कोणता खरा?

दोन्ही खरे. राखाडी मानेचा, घराभोवती फिरणारा तो कावळा, हाऊस क्रो. पूर्ण काळा आणि जाड चोचीचा तो डोमकावळा, जंगल क्रो. लहान पोरांच्या पुस्तकात राखाडी मानेचाच घ्या, तोच ते रोज बघतात. इंग्रजी गोष्टींतला रेव्हन हा तिसराच, आपल्याकडचा नाही, त्याच्यासाठी पान घालायची गरज नाही.

९. बगळा म्हणजे क्रेन ना? आम्ही लहानपणापासून तेच पाठ केलंय.

मीपण तेच पाठ केलं होतं, पण ते बरोबर नाही. नांगर चालू असताना मागं मागं चालत किडे टिपणारा, म्हशीच्या पाठीवर बसणारा पांढरा पक्षी म्हणजे बगळा, त्याचं नाव कॅटल ईग्रेट. पाण्याच्या कडंला ध्यान लावून उभा असतो तो मातकट ढोकरी म्हणजे पाँड हेरॉन. क्रेन म्हणजे क्रौंच, आणि करकोचा म्हणजे स्टॉर्क, कोल्हा-करकोच्याच्या गोष्टीतला तोच.

लांबनं ओळखायचं तर उडताना बघा. बगळा मान दुमडून उडतो, गळ्यात गाठ मारल्यासारखी, आणि क्रेन-स्टॉर्क मान सरळ पुढं ताणून उडतात. एक अडचण अजून येते, पावसाळ्यात पालक फोटो पाठवतात की बाई हा पिवळा-केशरी बगळा कोणता. तो तोच कॅटल ईग्रेट असतो, विणीच्या दिवसांत त्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होतात. आम्ही एकाच पानावर दोन फोटो लावले, उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला.

१०. राघू म्हणजे पोपट, मग वेडा राघू कुठला पोपट?

पोपटच नाही तो. विजेच्या तारेवर बसतो, झपकन उडून हवेतली माशी पकडतो आणि फिरून त्याच जागी येऊन बसतो, तो चिमणीएवढा हिरवा पक्षी वेडा राघू, इंग्रजीत ग्रीन बी-ईटर. शेपटीतनं दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या असतात. घरातलं मोठं माणूस राघू म्हणेल आणि पोरगं लगेच पॅरट म्हणेल, तर तिथं थांबवून चोच दाखवायची, पोपटाची आकड्यासारखी वाकडी लाल, याची बारीक, काळी, लांब आणि जराशी खाली वळलेली.

पोपटाला पॅरट लिहिलं तरी चालतं, नेमकं म्हणायचं तर आपला तो पॅराकीट, लांब शेपटीचा. त्याचं चित्र पिंजऱ्यातलं मात्र लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला पोपट पिंजऱ्यात पाळता येत नाही, आणि पोरं चित्रात बघतात तेच घरी मागतात. पिकलेल्या पेरूवर बसलेला पोपट शोधा, सहज मिळतो. आणि मैना म्हणजे साळुंकी, तिला इंग्रजीत मायना म्हणतात, तोही आपल्याकडनंच गेलेला शब्द.

११. कोकिळा, पावशा, भारद्वाज या तिघांनाही कुकू लिहू का?

तिघं एकाच कुळातले आहेत, पण एकच नाव दिलं तर पोरगं झाडावर बघून ओळखणार कसं. आंब्याच्या मोहरात कुहू करतो तो कोकीळ नर असतो, काळा, लाल डोळ्यांचा. कोकिळा मादी तपकिरी ठिपक्यांची आणि ती गात नाही, गाण्यात-कवितेत कोकिळा गाते ते सोडून द्या, पण काळ्या चित्राखाली कोकीळ लिहा आणि इंग्रजीत कोएल.

पावशा मृगाच्या तोंडावर पेर्ते व्हा, पेर्ते व्हा ओरडतो, शेतकऱ्याच्या पोराला याची ओळख लागत नाही. इंग्रजांनी तीच हाक ब्रेन फीव्हर अशी ऐकली आणि त्याला ब्रेनफीव्हर बर्ड नाव पाडलं, नेहमीचं नाव कॉमन हॉक-कुकू. मी वर्गात दोन्ही हाका एकाच चालीत म्हणून दाखवते आणि पोरं तीन-तीन वेळा म्हणायला लावतात. कान असा वेगळा ऐकतो हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं.

भारद्वाज कुंपणात चालत फिरतो, काळा अंगाचा, विटकरी पंखांचा, घुमल्यासारखा कूप-कूप आवाज करतो. कुणी कुंभार-कावळा म्हणतं. तुमच्या गावात जे म्हणतात ते दुसऱ्या ओळीत लिहा, इंग्रजीत ग्रेटर कूकल. कोकिळेसारखी हा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालत नाही, स्वतःचं घरटं बांधतो.

१२. अनेकवचन लिहायचं का? सगळ्यांना शेवटी स लावला तर चालतं का?

बहुतेकांना चालतं, काउज, डॉग्ज, क्रोज. न चालणारे थोडेच आहेत म्हणून ते पाठच करून घ्या. शीपचं शीपच राहतं आणि हरणाचं डीअरपण डीअरच, एक असो की कळप. माऊसचं माइस, ऑक्सचं ऑक्सन, हंसासारख्या गूजचं गीज. काफचं काव्ज आणि वुल्फचं वुल्व्ज. आमच्या पुस्तकात फक्त या सात पानांवर अनेकवचन छापलंय.

१३. आमच्या पोराला मुंगसाचं इंग्रजी नाव लक्षातच राहत नाही, काही युक्ती आहे का?

युक्ती लागणारच नाही. मुंगसाला इंग्रजीत मंगूस म्हणतात आणि तो शब्द आपल्या मुंगूसवरनंच तिकडं गेलाय. फक्त अनेकवचनात एक गंमत होते, गूजचं गीज होतं (प्रश्न १२) म्हणून पोरं मंगूसचं मंगीस करतात, ते नाही, मंगूसेस म्हणायचं. आम्ही त्या पानावर दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात छापले, मुंगूस आणि मंगूस. शिराळ्याकडच्या एका आजींनी नातवाकडनं ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, म्हंजे हे मला आधीच येत होतं की.